भरलेला दंड आणि नोकरीचा नमुना

दर वर्षी आमच्या महाविद्यालयातली दोन-चार मुले सरकारी नोकरीचे निवडपत्र घेऊन घरी येतात. पेढा देऊन झाला की पिशवीतून एक छापील नमुना बाहेर निघतो आणि आवाज खाली जातो. "सर, इथं काय लिहायचं?" बोट ज्या रकान्यावर असते तो रकाना आपल्या वस्त्यांत फार थोड्यांनी वेळेवर वाचलेला आहे. म्हणून त्याविषयी लिहितो आहे.

या कागदाला साक्षांकन नमुना म्हणतात. त्याच्या माथ्यावरच ताकीद असते की, खोटी माहिती दिली अथवा माहिती दडवली तर उमेदवार अपात्र ठरू शकेल. पुढे केंद्र सरकारच्या नमुन्यात एकामागून एक प्रश्न येतात : तुम्हांला कधी अटक झाली आहे काय? तुमच्यावर खटला भरला गेला काय? स्थानबद्ध केले होते काय? चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून घेतला होता काय? न्यायालयाने दंड केला काय? गुन्ह्याबद्दल दोषी ठरवले काय? एखादा खटला आज चालू आहे काय? राज्याचे नमुनेही थोड्याफार फरकाने असेच. प्रश्नात 'कधी' हा शब्द आहे. पाच वर्षांपूर्वीचे की पंचवीस, याला मर्यादा नाही. पुढे हा नमुना चारित्र्य पडताळणीसाठी पोलिसांकडे जातो आणि ठाण्यातली नोंद त्याच्याशी ताडून पाहिली जाते.

एका विद्यार्थ्याचे उदाहरण घेतो. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदमध्ये हा एकोणीस वर्षांचा मुलगा रस्त्यावर होता. घोषणा देताना पकडला गेला, संध्याकाळी जामिनावर सुटला. गुन्हा बेकायदा जमावाचा, म्हणजे तेव्हाच्या दंड संहितेचे कलम १४३. दोन-अडीच वर्षे तारखा पडल्या. प्रत्येक तारखेला बापाचा एक रोज बुडायचा. शेवटी वकील म्हणाले, कबूल करून टाक, पाचशे रुपये भर, सुटशील. त्याने भरले. घरात सगळ्यांना वाटले, प्रकरण मिटले. आता लिपिकाच्या जागेवर निवड झाली आणि नमुना हातात आला. तो म्हणाला, "मला शिक्षा कुठं झाली? मी फक्त दंड भरला."

इथेच सारी गफलत आहे. गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे दोषी ठरणे. दंड ही शिक्षाच आहे, तुरुंगाची नव्हे एवढेच. त्यामुळे या मुलाची उत्तरे अशी होतात : अटक, होय; खटला, होय; दंड, होय; दोषी, होय. स्थानबद्धता, जामीन लिहून देणे आणि चालू खटला यांना नाही. उद्या सरकारने आंदोलनातले खटले मागे घेतले तरी ज्यांचे खटले मागे घेतले गेले त्यांनीही अटक आणि खटला या दोन प्रश्नांना 'होय'च लिहिले पाहिजे. खटला मागे घेतला म्हणून अटक झालीच नव्हती असे होत नाही.

मुलांना भीती वाटते की 'होय' लिहिले तर नोकरी गेली. प्रत्यक्षात बहुतेक नोकऱ्या 'नाही' लिहिल्यामुळे जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या निरनिराळ्या खंडपीठांनी या प्रश्नावर निरनिराळे निकाल दिले होते. म्हणून तो तीन न्यायमूर्तींपुढे गेला आणि २०१६ साली अवतार सिंग खटल्याचा निकाल आला. निकाल असा की, उमेदवाराने खरी माहिती दिली तरी नेमणूक द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडे राहतोच. पण तो मनमानी पद्धतीने वापरता येत नाही. गुन्ह्याचे स्वरूप, पदाचे स्वरूप, उमेदवाराची परिस्थिती हे सारे पाहावे लागते. शिक्षा क्षुल्लक बाबीतली असेल आणि ती सांगितली असती तरी माणूस त्या पदाला अपात्र ठरला नसता, तर दडवणूकसुद्धा माफ करता येते. न्यायालयाने तिथे दिलेले उदाहरण वाचून मी थांबलो : तरुण वयात दिलेल्या घोषणा. आपल्या चळवळीतल्या किती पोरांची प्रकरणे या चार शब्दांत मावतील!

मात्र माफी हा हक्क नव्हे. ती देणे न देणे अधिकाऱ्याच्या हातात आहे. पोलीस दलाच्या नेमणुकांत न्यायालये अधिक कठोर राहिली आहेत, आणि जिथे लिपिकाला माफी मिळेल तिथे शिपायाला मिळेलच असे नाही. याच निकालातली दुसरी गोष्ट उमेदवाराच्या बाजूची आहे. नमुन्यात जे स्पष्ट विचारले आहे तेवढेच सांगणे बंधनकारक. जे विचारलेच नाही ते सांगितले नाही म्हणून दडवल्याचा ठपका ठेवता येत नाही. म्हणून प्रश्न शब्दाशब्दाने वाचावा. खटला चालल्याचे विचारले असेल तर नुसत्या चौकशीला बोलावल्याचे लिहू नये.

अठरा वर्षांखालच्या मुलांचे वेगळे आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम २४ प्रमाणे त्यांना दोषसिद्धीची अपात्रता चिकटत नाही. अपवाद, सोळा वर्षांवरच्या ज्या मुलाचा घोर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून न्याय झाला त्याचा.

प्रौढाच्या शिक्षेला मात्र आपल्या देशात मुदत संपण्याची तारीख नाही. इंग्लंडात १९७४ पासून तसा कायदा आहे. तिथे दंडाची शिक्षा झालेल्या प्रौढाला आज एक वर्षानंतर, मालकाने विचारले तरी, ती सांगावी लागत नाही. कायद्याच्या दृष्टीने ती सरलेली असते. शाळा, लहान मुलांची देखभाल, पोलीस अशी काही कामे तेवढी वगळलेली आहेत. मला ही वाटणी पटते. ज्याने पैशाची अफरातफर केली त्याला काही वर्षे खजिन्यापासून दूर ठेवण्यात अर्थ आहे. एकोणीस वर्षांच्या पोराने रस्ता अडवला याचा फायली लावण्याच्या कामाशी काय संबंध? आणि 'अटक झाली होती काय' हा प्रश्न तर नमुन्यातून काढूनच टाकावा असे माझे मत आहे. अटकेने पोलिसांनी काय केले ते कळते, माणसाने काय केले ते नव्हे. ज्या वस्तीत गाडी आली की दिसेल त्या पोराला उचलतात तिथल्या उमेदवाराला हा प्रश्न आणि बंगल्यातल्या उमेदवाराला हाच प्रश्न, यांना समान प्रश्न म्हणणे ही थट्टा आहे. पारधी, कैकाडी अशा जमातींनी तर १९५२ पर्यंत जन्मालाच गुन्ह्याची नोंद चिकटलेली पाहिली आहे.

असा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर वाचवण्याची जागा नमुना नसून न्यायालयातली ती कबुलीची तारीख आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ आपल्या हातात आहे. ज्याला पूर्वी शिक्षा झालेली नाही आणि ज्याचा गुन्हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा दंडाचा आहे, त्याला दंड करण्याऐवजी कलम ३ खाली समज देऊन सोडता येते. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते. कलम १२ सांगते की, असे सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी कायद्याची अपात्रता लागू होत नाही. घडलेली गोष्ट पुसली जात नाही, नमुन्यात ती लिहावीच लागते, आणि खाते त्या वर्तनाचा विचार करू शकते. तरीही पाचशेच्या पावतीपेक्षा हा आदेश शतपटीने बरा. मात्र तो बहुधा मागावा लागतो. कबुलीच्या आधीच वकिलाला सांगा की अर्ज ३ किंवा ४ खाली करा. खटला लढवण्यासारखा असेल तर कबुली देऊच नका. सुटलेल्या माणसाला 'दोषी' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिता येते.

आणि ज्यांनी दंड भरून टाकला आहे त्यांनी निकालाची प्रमाणित नक्कल आजच काढून ठेवावी. नमुन्याला ती जोडली म्हणजे अधिकाऱ्यापुढे कलम, तारीख आणि रक्कम उघड राहते. नाहीतर पोलिसांच्या शेऱ्यात नुसते 'गुन्हा दाखल' एवढेच दिसते. किरकोळ खटल्यांची कागदपत्रे न्यायालये काही वर्षांनी नष्ट करतात. ठाण्यातली नोंद मात्र तशीच राहू शकते.