रस्ता कागदावर आणि जमिनीवर — भाग ६ : गोठवायचं काय आणि मोकळं काय ठेवायचं

गेल्या आठवड्यात आपण भूसंपादनाची अधिसूचना ते ताबा हा प्रवास पाहिला. आता कंत्राट झालं आहे, यंत्रं आली आहेत, आणि काम चालवायचं कोणत्या पद्धतीनं हा प्रश्न टेबलावर आहे. मोठ्या कंपन्यांच्या बैठकांत हल्ली तीन नावं ऐकू येतात. वॉटरफॉल म्हणजे आधी सगळं ठरवायचं आणि टप्प्याटप्प्यानं, मागे न फिरता करत जायचं. अ‍ॅजाइल म्हणजे थोडं करायचं, तपासायचं, आणि शिकलेल्या गोष्टीनुसार पुढचं ठरवायचं. हायब्रिड म्हणजे दोन्हींचं मिश्रण. रस्त्याला तर मोर्थचं स्पेसिफिकेशन आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहिता लागू असतात, मग वॉटरफॉलशिवाय दुसरं काय चालणार, असं बहुतेक अभियंते पटकन म्हणतात. हे उत्तर निम्मं बरोबर आहे.

वॉटरफॉलच्या नावानं ज्यांचा हवाला दिला जातो त्या विन्स्टन रॉइस यांनी 1970 च्या लेखात सरळ रेषेतली ही रचना मांडली खरी, पण ती तशीच वापरणं धोक्याचं आहे हेही त्याच लेखात सांगितलं. अ‍ॅजाइलचा जाहीरनामा 2001 सालचा, सॉफ्टवेअरवाल्यांचा. दोन्हींची मुळं संगणकाच्या कामात आहेत, म्हणून रस्त्यावर आणताना एक फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो. प्रोग्राममधली चूक पुन्हा लिहिता येते. रस्त्याचा थर मात्र पुढच्या थराखाली गाडला जातो, आणि मग तो तपासायचा तर वरचं सगळं उकरावं लागतं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीच्या पट्ट्यात राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम घेऊ. आकडे समजण्यापुरते : लांबी 20 किलोमीटर, मुदत दोन वर्षं, करार ईपीसी. तळाची काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हात भेगाळते. मुक्त फुगवटा 50 टक्क्यांहून जास्त असेल तर ती भरावात वापरायला स्पेसिफिकेशनमध्येच मनाई आहे. म्हणून मुरूम बाहेरून आणायचा. भराव थराथरानं घालायचा आणि प्रत्येक थर दाबून प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या 95 टक्क्यांपर्यंत न्यायचा. वरच्या अर्ध्या मीटरला, म्हणजे सबग्रेडला, 97 टक्के. त्यावर जीएसबी, मग डब्ल्यूएमएम, प्राइम कोट, डीबीएम आणि शेवटी वरचा डांबरी थर. प्रत्येक थरानंतर कंत्राटदारानं तपासणीची विनंती, म्हणजे आरएफआय, टाकायची. प्राधिकरणाच्या अभियंत्याची सही झाल्याशिवाय वरचा थर घालायचा नाही.

ही साखळी गोठलेलीच असली पाहिजे. इथे ‘करून बघू, नंतर सुधारू’ याला जागा नाही, कारण नंतर सुधारायला काही उघडं उरत नाही. सबग्रेड 94 टक्क्यांवर सोडून वर खडी घातली तर दोन पावसाळ्यांनी चाकोरीत खड्डा बसतो. तेव्हा वरचा डांबरी थर बदलून काही होत नाही.

पण त्याच स्पेसिफिकेशननं एका ठिकाणी स्वतःहून प्रयोग मागितला आहे. डांबरी कामात आधी मिश्रणाचं सूत्र प्रयोगशाळेत ठरतं, मग प्लांटवर चाचणी होते, आणि नंतर निदान 100 चौरस मीटरचा चाचणी पट्टा घालून दाखवावा लागतो. रोलरच्या फेऱ्या किती, कोणता रोलर आधी, सैल थर किती जाड ठेवला म्हणजे दाबल्यावर हवी ती जाडी येते, हे सगळं त्या पट्ट्यावर ठरतं. पट्टा नापास झाला तर बदल करून दुसरा घालायचा. पास झाला की तीच पद्धत पुढच्या सगळ्या किलोमीटरांना बांधील. खडीची खाण बदलली तर सूत्र पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे नियम फिरून शिकायला मोकळीक देतात, फक्त ती लहान तुकड्यावर, सही होण्याआधी आणि लेखी नोंद ठेवून. त्यामुळे ‘नियम आहेत म्हणजे अ‍ॅजाइल नाही’ हे म्हणणं मला पटत नाही.

आता नियम जिथे गप्प आहेत तिथे येऊ. सबग्रेडवर जीएसबी यायला हवी हे पुस्तक सांगतं. सातवा किलोमीटर आधी की तेरावा, हे ते सांगत नाही. आणि साईटवरचा निम्मा गोंधळ याच प्रश्नातून होतो. ईपीसी करारात साधारण 90 टक्के जागा हातात आल्यावर काम सुरू झाल्याची तारीख धरतात. उरलेले 10 टक्के लांबीत मोजले तर दोनच किलोमीटर होतात, पण ते एका टोकाला नसतात. गावठाणात दोनशे मीटर, मंदिरापाशी साठ, वाद असलेल्या शेतात तीनशे, असे विखुरलेले असतात. शिवाय ताब्यातल्या जागेतही महावितरणचे खांब, पाणीपुरवठ्याची जलवाहिनी आणि तोडायची परवानगी न आलेली झाडं असतात. दोन वर्षांचा बारचार्ट पहिल्या दिवशी गोठवला तर तिसऱ्या महिन्यात तो भिंतीवरची शोभा होतो.

इथे बांधकाम क्षेत्राचंच एक उत्तर आहे, सॉफ्टवेअरकडून उसनं न घेतलेलं. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी 1990 च्या दशकात ‘लास्ट प्लॅनर’ पद्धत मांडली. तिचं म्हणणं साधं आहे : ज्या कामातले अडथळे दूर झाले आहेत तेवढंच काम या आठवड्यासाठी कबूल करायचं, आणि ती कबुली गँग चालवणाऱ्या माणसानं द्यायची, मुख्यालयानं नाही.

आपल्या 20 किलोमीटरचे अर्ध्या किलोमीटरचे 40 तुकडे करा. प्रत्येक तुकड्यासमोर पाच रकाने : जागा, खांब-वाहिन्या, झाडं, मोऱ्या, मंजूर मुरूम. दर सोमवारी पुढच्या सहा आठवड्यांत येणाऱ्या तुकड्यांचे रकाने तपासायचे. पाचही मोकळे असतील तोच तुकडा या आठवड्याच्या यादीत. समजा एका आठवड्यात 14 कामं कबूल केली आणि 9 पूर्ण झाली, म्हणजे 64 टक्के. हा आकडा कुणाला झापण्यासाठी नाही, न झालेल्या पाच कामांची कारणं लिहिण्यासाठी आहे. दोन ठिकाणी पाण्याचे टँकर अपुरे पडले (मे महिन्यात मराठवाड्यात दाबाईला पाणी मिळवणं हेच एक काम असतं), दोन ठिकाणी खांब हलले नाहीत, आणि एका ठिकाणी आरएफआय उशिरा टाकल्यामुळे तपासणीला माणूसच आला नाही. तीन आठवडे टँकरच पुन्हा पुन्हा कारण म्हणून आले तर दोष गँगचा नाही. पाण्याचा स्रोत बदलायला हवा.

ही पद्धत आणि नियम यांची गाठ कुठे पडते ते पाहा. दर आठवड्याला बदलतो तो क्रम. 97 टक्के कधीच बदलत नाहीत.

आणि खरी कसोटी लागते मुरूम संपल्यावर. मंजूर खाणीतला मुरूम सीबीआर 10 देत होता, रस्त्याच्या जाडीचं गणित त्यावर बेतलेलं. खाण आटली, नव्या खाणीतला मुरूम 7 देतो. साईटवर मोह होतो : दिसायला तर सारखाच आहे, घालू, कागद मागून करू. याला कुणी ‘लवचिकता’ म्हटलं तर समजावं की चोरीला नाव मिळालं. रीतसर मार्ग असा : नमुना घ्यायचा, घनतेची चाचणी करायची, मग सीबीआरचा साचा चार दिवस पाण्यात बुडवून ठेवून चाचणी. आकडा कमी आला तर आयआरसी 37 प्रमाणे जाडी पुन्हा काढायची आणि प्राधिकरणाच्या अभियंत्याकडून तपासून घ्यायची. यात सहज काही आठवडे जातात, आणि ते कुणाच्या उत्साहानं कमी होत नाहीत. मोकळीक दुसरीकडे आहे. सहा आठवडे पुढे पाहणारा तक्ता असेल तर खाण आटत आल्याचं आधीच दिसतं आणि चाचणी तेव्हाच सुरू होते. तोवर गँग जुना साठा उरलेल्या तुकड्यांवर किंवा मोऱ्यांवर वळवता येते.

तारखांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र कोणत्याही पद्धतीला बधत नाही. आपल्याकडे ७ जूनच्या आसपास मृग लागतो. पावसात, साचलेल्या पाण्यावर डांबरी थर घालता येत नाही. तो न घालता उघडी ठेवलेली जीएसबी चिखलानं भरते, तिच्यातून पाणी निथळणं थांबतं, आणि दिवाळीनंतर ती खरवडून नव्यानं घालावी लागते. सबग्रेडपासून डीबीएमपर्यंत एका तुकड्याला सहा आठवडे लागत असतील आणि एक आठवडा हाताशी ठेवायचा असेल, तर 31 मे पासून मागे मोजत 12 एप्रिल येतो. त्यानंतर नवा तुकडा सबग्रेडसाठी उघडायचा नाही, मग त्याचे पाचही रकाने मोकळे असोत. ही तारीख ऑक्टोबरातच भिंतीवर लिहायची. मातीकामाचं बिल लवकर निघतं म्हणून सगळीकडे भराव पसरून ठेवण्याची कंत्राटदारांची सवय इथेच महाग पडते. पेव्हरला सलग लांबी लागते, तुकड्यांत विखुरलेल्या अर्धवट रस्त्यावर तो उभा राहून भाडं खातो.

तेव्हा संपूर्ण प्रकल्पासाठी तिघांतलं एक नाव निवडण्यात फारसा अर्थ नाही. प्रत्येक निर्णयाला दोन प्रश्न विचारावेत : मागे फिरायचं झालं तर काय उकरावं लागेल, आणि सही कुणाची लागते? उकरावं लागत असेल किंवा बाहेरची सही लागत असेल, तर तो निर्णय वॉटरफॉलच्या शिस्तीत. जाडी, साहित्य, घनता, मोऱ्यांची पातळी, आयआरसी एसपी 55 प्रमाणे वाहतूक वळवण्याची मांडणी, सगळं त्यात येतं. उरलेलं, म्हणजे कोणता तुकडा केव्हा, कोणती गँग कुठे, टँकर किती, गावच्या सरपंचांना कोणत्या दिवशी भेटायचं, हे सोमवारच्या बैठकीत. ही वाटणी कामाच्या पहिल्या महिन्यात एका कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सह्या करायच्या. हायब्रिड म्हणवणारे प्रकल्प फसतात ते बहुधा हा कागद नसल्यामुळे. मग साईटवरचा माणूस गोठलेली गोष्ट बदलतो, आणि मुख्यालय मोकळी गोष्ट गोठवून बसतं.

दोन किलोमीटरच्या डांबरी नूतनीकरणाला यातलं काही लागत नाही. जागा हातात, खांब नाहीत, मुरूम नाही. साधा बारचार्ट पुरतो. त्यावर दर सोमवारी बैठक घेणं हा वेळेचा अपव्यय आहे.

पुढच्या भागात : खांब हलवायचे कुणी, पैसे कुणाचे, आणि महावितरणच्या अंदाजपत्रकात अडकलेले सहा महिने.