शाळा सुटल्यानंतरचा संगणक

आमच्या राज्यातील एका शाळेत शाळा सुटल्यानंतर चालणारे संगणक मंडळ गेल्या पावसाळ्यात पंधरा दिवस बंद होते. कारण क्षुल्लक वाटेल, पण क्षुल्लक नव्हते. सहावीतल्या एका मुलाने मोटारींचा फुकट खेळ शोधला. पडद्यावर ‘डाउनलोड’ अशी हिरवी पाटी दिसली, ती त्याने दाबली. पाटी खेळाची नव्हती, जाहिरातीची होती. दुसऱ्या दिवसापासून त्या यंत्रावर कोणताही कार्यक्रम उघडला की मुलांनी पाहू नयेत अशी चित्रे आपोआप पुढे येऊ लागली. पालक-शिक्षक संघात विषय निघाला आणि मुख्याध्यापकांनी कक्षाला कुलूप लावले. मंडळ चालविणाऱ्या शिक्षकांपुढे प्रश्न उभा राहिला, तो असा की, खेळ हवेत, फुकट हवेत, दहा-बारा वर्षांच्या जुन्या यंत्रावर चालणारे हवेत, आणि कुलूप पुन्हा लागता कामा नये.

त्यांनी प्रथम एक साधी कसोटी ठरविली, ती आम्हास फार मोलाची वाटते. इंटरनेटची तार काढून ठेवायची आणि मग जो खेळ चालेल तोच खेळ मंडळात घ्यायचा. न्याहाळकात चालणारे बहुतेक फुकट खेळ या कसोटीस उतरत नाहीत, कारण त्यांचे पोट जाहिरातींवर भरते आणि जाहिरात तारेवाटे येते. शिवाय दोन जीबी स्मृतीच्या यंत्रावर न्याहाळकाची तीन-चार पाने उघडली की यंत्र धापा टाकू लागते. ते खेळाचे ओझे नसते, जाहिरातींचे असते.

या कसोटीतून जे उरले त्यात त्यांना सर्वाधिक उपयोगी पडला तो सायमन टॅथम या इंग्रज संगणकतज्ज्ञाने २००४ पासून चालविलेला कोड्यांचा संग्रह. पुटी हा जगभर वापरला जाणारा कार्यक्रमही याच गृहस्थांचा. संग्रहात सुमारे ४० कोडी आहेत, प्रत्येक कोडे स्वतंत्र कार्यक्रम आहे आणि सगळी मिळून थोड्याच मेगाबाइटांत मावतात. नाव नोंदवायचे नाही, गप्पांची सोय नाही, जाहिरात नाही, विकत घेण्यासारखे काही नाही. परवानाही इतका सैल आहे की शिक्षकाने प्रती काढून मुलांना वाटल्या तरी कोणाची परवानगी लागत नाही. विंडोजसाठी झिप धारिका मिळते. ती पेनड्राईव्हवर उलगडली की काहीही स्थापित न करता खेळ चालतो. ३२ बिटांच्या यंत्रांसाठी वेगळी प्रत आहे. मात्र ती लेखकाच्याच पानावरून घ्यावी, शोधयंत्रात पहिल्या आलेल्या पाटीवरून नव्हे:

```
chiark.greenend.org.uk/~sgtatham/puzzles
```

डेबियन किंवा उबुंटू असेल तर एकच आज्ञा पुरते:

```
sudo apt install sgt-puzzles
```

इतके असूनही हा संग्रह मंडळाला उपयोगी पडला तो एका वेगळ्याच गुणाने. यातील प्रत्येक कोडे एका बीजातून उगवते. बीज सारखे, तर कोडे सारखे. ‘नेट’ हे कोडे उघडून `Game` या यादीतील `Random Seed` निवडावे आणि चौकटीत असलेले पुसून पुढील ओळ लिहावी:

```
5x5#2468
```

हीच ओळ फळ्यावर लिहिली की दहाही यंत्रांवर तेच कोडे उभे राहते. एरवी प्रत्येक मूल आपापल्या खेळात गुंग असते आणि शिक्षक केवळ राखणदार उरतो. येथे चोवीस मुले एकाच प्रश्नावर भांडू लागतात.

नेटमध्ये २५ चौकोन असतात, प्रत्येकात तारेचा एक तुकडा. काही तुकडे सरळ, काही काटकोनी, काही तीन फाट्यांचे, काही नुसती टोके. तुकडे जागेवरच फिरवून सगळे जाळे मधल्या उगमाशी जोडायचे. तार चौकटीबाहेर जाता कामा नये आणि कोठेही बंद वळसा होता कामा नये. डावी कळ डावीकडे फिरविते, उजवी कळ उजवीकडे. मुले प्रथम कशीही कळ दाबत सुटतात. आमच्या परिचयाचे हे शिक्षक त्यांना थांबवून कडेकडे पाहावयास लावतात. कडेला सरळ तुकडा असेल तर तो कडेला समांतरच असला पाहिजे, कारण आडवा ठेवला तर एक टोक बाहेर पडते. कडेवरच्या तीन फाट्यांच्या तुकड्याचा मधला फाटा आतच वळला पाहिजे. अगदी कोपऱ्यात काटकोनी तुकडा असेल तर त्याला एकच स्थिती शक्य आहे. इतके ठरले की ते तुकडे `S` ही कळ दाबून कुलूपबंद करावयाचे. मग आतला विचार. दोन टोके शेजारी असतील तर ती एकमेकींकडे तोंड करू शकत नाहीत. केली तर त्या दोघींचेच बेट होईल आणि उगमाशी नाते तुटेल. कोडे एकाच उत्तराचे असते, म्हणून अंदाज बांधण्याची गरज पडत नाही. ‘का?’ याला उत्तर नसेल तर कळ दाबायची नाही, असा मंडळाचा नियम आहे.

चुका कोठे होतात हेही सांगितले पाहिजे. उगमाशी जोडलेले तुकडे उजळतात आणि मुले उजेडाच्या मागे लागतात. उजळलेला तुकडा म्हणजे बरोबर तुकडा नव्हे. खालच्या पट्टीवर उजळलेल्यांचा आकडा भराभर वाढून मग अडकला, तर मूल तर्क सोडून उजेड गोळा करीत आहे हे ओळखावे. दुसरी अडचण `Solve` या कळीची. ती दाबली की यंत्रच कोडे सोडविते. पण खालच्या पट्टीवर तशी नोंद उमटते, त्यामुळे चोरी लपत नाही. तिसरी अडचण शिक्षकालाच गोंधळात पाडते. एका यंत्रावर जुनी आवृत्ती आणि दुसऱ्यावर नवी असेल तर त्याच बीजातून वेगळे कोडे उगवू शकते. सर्व यंत्रांना एकाच पेनड्राईव्हवरची प्रत द्यावी, नाहीतर बीजाऐवजी `Specific` खालची लांब ओळ वापरावी. सुरुंगाच्या ‘माइन्स’मध्ये तर आवृत्ती एक असूनही मुलांची कोडी वेगळी निघतात, कारण पहिली कळ जेथे पडेल त्यानुसार सुरुंग मांडले जातात. तेथे शिक्षकाने स्वतः पहिली कळ दाबावी आणि मग `Specific` मधील ओळ मुलांना द्यावी.

उणिवाही आहेत. याद्या इंग्रजीत आहेत, रंगरूप साधेच आहे आणि मुलाची प्रगती यंत्र लक्षात ठेवीत नाही. ती वहीत लिहावी लागते. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी हा संग्रह नव्हेच. त्यांच्यासाठी जीकॉम्प्रीस हा फुकट संच आहे, मात्र तो चित्रांनी जड आहे. जुन्या यंत्रावर पडदा काळा राहिला तर तो `gcompris-qt --software-renderer` असा चालवून पाहावा.

आमचे शिक्षण खात्याला एवढेच म्हणणे आहे की, दरवर्षी यंत्रांची यादी मागविणाऱ्यांनी प्रत्येक तालुक्यात तपासलेल्या प्रतीचा एक पेनड्राईव्ह ठेवण्यास हरकत नसावी. तोवर त्या शाळेतले शिक्षक स्वतःचाच पेनड्राईव्ह खिशात घेऊन फिरतात. शेजारच्या दोन शाळांनी तो नुकताच मागून नेला आहे. त्यांच्या कक्षात तार अजून भिंतीवर गुंडाळून ठेवलेली असते आणि गेल्या शुक्रवारी फळ्यावर `7x7#1530` लिहिलेले होते. सातवीतल्या दोन मुली एका टोकावरून भांडत होत्या. घंटा होऊन गेली होती.