छायाचित्रातील चौकट

कागदाला लांबी-रुंदी असते, खोली नसते. म्हणून पाण्याचा विस्तीर्ण देखावा छायाचित्रात पुष्कळदा सपाट पट्टीसारखा भासतो. ही उणीव दूर करण्यासाठी कुशल छायाचित्रकार दार, खिडकी किंवा झाडाची फांदी चित्राच्या अग्रभागी घेतात. एक वस्तू दुसरीला झाकत असेल, तर झाकणारी वस्तू जवळची असते, हे मनुष्याची नजर तत्काळ ओळखते. त्यामुळे सपाट कागदावरही अंतराचा आभास निर्माण होतो.

इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथे पळसनाथाचे प्राचीन मंदिर आहे. भीमा नदीवर उजनी धरण झाले आणि हे मंदिर त्याच्या जलाशयात गेले. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार ओसरले, म्हणजे ते पुन्हा उघडे पडते. समजा, अशा वेळी एक छायाचित्रकार त्याच्या दगडी दारापासून १ मीटर आत उभा आहे आणि समोर २०० मीटरांवर एक होडी आहे. दाराची मोकळी जागा चित्राच्या रुंदीचा दोन तृतीयांश भाग व्यापते. तो आणखी १ मीटर मागे सरला, तर दारापासूनचे अंतर दुप्पट होते. म्हणून दार निम्मे, म्हणजे एक तृतीयांशच दिसते. होडीचे अंतर मात्र २०० चे २०१ मीटर एवढेच होते, म्हणून तिचा आकार जवळजवळ तोच राहतो. यावरून असे दिसते की, चौकट आणि देखावा यांचे प्रमाण पायांनी बदलता येते.

आता प्रकाशाचा विचार करू. आत अंधार आणि बाहेर प्रखर ऊन असते. कॅमेऱ्याने आतील अंधारानुसार प्रकाश घेतला, तर बाहेरचे पाणी पांढरेफटक होऊन होडी नाहीशी होते. म्हणून प्रकाश बाहेरच्या देखाव्यावरून मोजावा. मोबाइलच्या पडद्यावर होडीच्या जागी बोट टेकवले, की हे काम साधते. मग दार काळे होते व त्या काळ्या चौकटीत पाणी उठून दिसते.

पानांची चौकट करताना निराळीच अडचण येते. हिवाळ्यात भिगवणच्या पाणथळीत रोहित पक्षी उतरतात. बाभळीच्या फांदीआडून त्यांचे चित्र घेताना कॅमेरा बहुधा जवळच्या पानावरच स्थिरावतो. पान रेखीव आणि पक्षी धूसर दिसू लागले, की ही चूक ओळखावी आणि पक्ष्यांवर रोख धरावा. मग पानांचा पुसट हिरवा पडदा होतो.

चौकटीलाही मर्यादा आहे. होडीचे टोक दाराच्या कडेला चिकटले, तर ती दगडातून बाहेर आल्यासारखी दिसते. अशा वेळी एक पाऊल बाजूस सरावे. होडी आणि कड यांमध्ये पाण्याची फट दिसू लागली, की मगच कळ दाबावी.