दापोलीच्या पावसात जीन्स वाळत नाही

प्रिय सई,

बॅग भरताना तू तीन जीन्स काढून ठेवल्यास आणि मी त्यातल्या दोन परत कपाटात टाकल्या, तेव्हा तू रुसलीस. घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र बॅगेच्या कप्प्यात ठेवते आहे.

आपल्या सोलापुरात सकाळी दोरीवर टाकलेली जीन्स जेवायच्या वेळेपर्यंत कडक वाळते. दापोलीत ऑगस्टमध्ये तीच जीन्स तीन-तीन दिवस ओली राहील. तिथे पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त. तो थांबला तरी हवा इतकी दमट असते की कपड्यातलं पाणी उडून जायला वाव मिळत नाही. म्हणून एकच जीन्स दिली आहे. बाकी कुर्ते पातळ आहेत, थोडे पॉलिस्टर मिसळलेले. निव्वळ सुती कपडा अंगाला बरा वाटतो, पण पाणी धरून ठेवतो. मोठा टॉवेल काढून दोन पातळ पंचे ठेवलेत, तेही याचसाठी.

कपड्यांना येणारा कुबट वास पावसाचा नसतो. कपडा फार वेळ ओला राहिला की त्यात जंतू वाढतात, वास त्यांचा. म्हणून रात्री भिजवून सकाळी धुवायची आपली घरची सवय तिथे सोड. अर्धा तास भिजवलं की पुरे. बादलीभर पाण्याला एक चमचा पावडर घाल. जास्त घातली तर ती कपड्यातून निघत नाही, चिकट थर राहतो आणि वास लवकर धरतो. पिळून झालं की कुर्ता कोरड्या पंचावर पसर, दोन्ही मिळून गुंडाळी कर आणि पुन्हा पीळ. पंचा किती पाणी ओढून घेतो ते तुलाच दिसेल. मग पंख्याखाली वाळत घाल, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून. जीन्स उलटी करून कमरेला चिमटे लाव, म्हणजे पायांतून वारा खेळतो.

वाळला की नाही हे हाताला कळत नाही. बगलेची किंवा कमरेची जाड शिवण गालाला लावून बघ. गार लागली तर आत ओल आहे. असा कपडा घडी करून ठेवलास तर शेजारच्या कोरड्या कपड्यांनाही बुरशी लागेल. घामट कपडाही कपाटात ठेवू नकोस, कारण घाम आणि मळ हेच बुरशीचं खाणं. खळसुद्धा तिला आवडते, म्हणून तुझ्या ओढण्यांना या वेळी मी खळ केलेली नाही. कार्यक्रमासाठी दिलेली रेशमी साडी जुन्या मलमलीत बांधली आहे. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नकोस, आत ओल कोंडते. डांबराच्या गोळ्या दिल्या नाहीत. त्यांनी कसर लागत नाही, पण बुरशी थांबत नाही.

आता बुटांचं. डी.एड.ला मी रत्नागिरीला होते, तेव्हा आजोबांनी घेऊन दिलेले कातडी बूट पहिल्याच पावसात भिजले. दुसऱ्या दिवशी पाठ घ्यायचा होता, म्हणून मी ते रात्री शेगडीजवळ ठेवले. सकाळी कातडं लाकडासारखं ताठ झालेलं, बोटांपाशी भेगा पडलेल्या, आणि तळ पुढून उघडलेला. उष्णतेने कातड्यातलं तेल निघून जातं आणि तळाचा डिंकही सुटतो, हे मला नंतर चांभाराने सांगितलं. त्या बुटांसाठी मी खूप रडले होते.

तुझे बूट भिजले तर आधी नाड्या सोड, आतलं पॅड काढून वेगळं वाळव. चिखल ओल्या फडक्याने पुसून घे. मग वर्तमानपत्राचे बोळे आत टोकापर्यंत कोंब. तासा-दोन तासांनी हात घालून बघ, कागद ओला झाला असेल तर बदल. असं तीन-चारदा करावं लागेल. रात्री बूट आडवे करून पंख्याच्या वाऱ्यात ठेव, भिंतीला टेकवून नको. पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून रोजच्या चिखलाला रबरी सँडल दिली आहे. बूट वाळल्यावर पॉलिश मात्र लाव, कातडं मऊ राहतं. पांढरी बुरशी दिसली तर खोलीत झटकू नकोस. गच्चीवर नेऊन कोरड्या फडक्याने पूस आणि ते फडकं टाकून दे.

ऑक्टोबरचं ऊन पडलं की एका रविवारी बॅग रिकामी कर आणि तीसुद्धा उघडी करून उन्हात ठेव. रंगीत कपडे उलटे करून घाल, साडी मात्र सावलीत.

जीन्सची चेन थोडी अडकते, तिला मेण चोळून ठेवलंय. दिवाळीला येताना घेऊन ये, बदलून देते.

तुझी
आई