परीक्षकाचे शेरे मराठीत, उत्तर इंग्रजीत

शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवला की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी संपादकाचे पत्र येते. सोबत दोन-तीन परीक्षकांचे शेरे असतात. पत्रात ‘मेजर रिव्हिजन’ हे शब्द दिसले की नवा संशोधक खचतो, निबंध नाकारला असे समजतो. प्रत्यक्षात ‘बऱ्याच दुरुस्त्या करून पाठवा, पुन्हा पाहू’ एवढाच त्याचा अर्थ असतो. शेरे मराठीत समजावून देणाऱ्याने आधी हे सांगावे.

एक उदाहरण घेऊ. सोयाबीनवर तीन प्रकारच्या फवारण्या आणि तुलनेसाठी नुसते पाणी, असे चार उपचार. प्रत्येक उपचार तीन प्लॉटवर, म्हणजे एकूण 12 प्लॉट. प्रत्येक प्लॉटमधील पाच झाडांच्या शेंगा मोजल्या आणि सगळी 60 झाडे स्वतंत्र निरीक्षणे धरून गणित मांडले. परीक्षक लिहितो की, प्रयोगाचे एकक झाड होते की प्लॉट हे स्पष्ट होत नाही. आणि पुढे जोडतो, ‘द ऑथर्स मे विश टु रीकन्सिडर दि ॲनालिसिस.’

याचे शब्दशः मराठी ‘लेखकांना विश्लेषणाचा फेरविचार करावासा वाटेल’ असे होते. ते वाचून संशोधक म्हणेल, मला तसे वाटत नाही! इंग्रजी परीक्षणाच्या रिवाजात मात्र ही सौम्य भाषेतली मागणी आहे, आणि येथे तर निबंधाचा निकाल तिच्यावर ठरू शकतो. म्हणून शेऱ्याचे मराठी मुळाला धरूनच करावे आणि खाली वेगळी टीप लिहावी: ‘येथे गणित पुन्हा करणे अपेक्षित आहे.’ भाषांतर आणि टीप एकमेकांत मिसळू नयेत. परीक्षक काय म्हणाला आणि भाषांतरकाराला काय वाटले, हे संशोधकाला वेगवेगळे दिसले पाहिजे.

परीक्षकाचा आक्षेप खरा आहे. फवारणी अख्ख्या प्लॉटला झाली. त्यातल्या पाच झाडांना माती तीच, ओल तीच. एका घरातल्या पाच जणांना विचारून पाच घरांचे मत कळत नाही, तसेच हे. या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ हे नाव स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये दिले. तीन गटांच्या नेहमीच्या आराखड्यात 60 झाडे धरली तर त्रुटीचे स्वातंत्र्यांश 54 येतात. प्लॉटची सरासरी धरली तर फक्त 6. त्यामुळे आधी ठळक दिसणारा फरक नव्या गणितात टिकेलच असे नाही. समजा, फवारणी आणि पाणी यांतला फरक टिकला, पण दुसऱ्या व तिसऱ्या फवारणीतला गेला. मग निष्कर्षातले ‘तिसरी फवारणी सर्वांत उत्तम’ हे वाक्य काढावेच लागेल.

आता उत्तर. शेरा जसाच्या तसा उतरवून त्याखाली लिहायचे: ‘थँक यू फॉर पॉइंटिंग धिस आउट. वी ॲग्री. वी हॅव रीॲनलाइज्ड द डेटा युझिंग प्लॉट मीन्स.’ लगेच सांगायचे की दोन फवारण्यांतला फरक आता सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध होत नाही, निष्कर्ष बदलला आहे, आणि बदल अमुक पानावर, अमुक ओळींत आहे. आभार एका वाक्यात पुरेत. प्रत्येक शेऱ्याखाली ‘एस्टीम्ड रिव्ह्यूअर’च्या बहुमोल सूचनेचे गुणगान केले, तर नेमके काय बदलले ते शोधावे लागते. सभ्यपणा त्या पान-ओळींत अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा शेरा समजा असा: प्रयोग एकाच हंगामाचा आहे, दुसऱ्या हंगामाची माहिती द्यावी. मुदत दोन महिन्यांची आणि खरीप होऊन गेलेला. हे शक्य नाही, तर तसे लिहावे. ‘पुढे करू’ असे मोघम आश्वासन देऊ नये. मसुदा असा: ‘वी ॲग्री दॅट अ सेकंड सीझन वुड स्ट्रेंग्थन द स्टडी. दीज डेटा आर नॉट अव्हेलेबल.’ आणि ही मर्यादा सारांशात व चर्चेत नोंदवली, शीर्षकात ‘एका हंगामातील’ असे शब्द घातले, हेही सांगावे. नकारासोबत निबंधात काहीतरी बदललेले दिसले की संपादकाला निर्णय घेणे सोपे जाते.

मराठीतून विचार करताना एक शब्द विशेष घात करतो. ‘आम्हाला शंका आहे’ याचे आपण सहज ‘वी हॅव अ डाउट’ करतो. आपल्याला फक्त विचारायचे असते; परदेशी वाचकाला त्यात अविश्वास ऐकू येतो. तेथे ‘कुड द रिव्ह्यूअर क्लॅरिफाय’ असे लिहावे, आणि तो प्रश्न शक्यतो संपादकामार्फत विचारावा.

मसुदा तयार झाल्यावर तो पुन्हा मराठीत सांगून संशोधकाची संमती घ्यावी, कारण त्यातल्या प्रत्येक विधानाची जबाबदारी त्याचीच असते. आणि संशोधकांनो, भाषांतरासाठी नुसते शेरे पाठवू नका. संपादकाचे पत्र, मूळ निबंध आणि प्लॉटनिहाय नोंदींची वही, तिन्ही सोबत द्या.