उधारीचा चौकोन

शेतीची पदवी घेतलेला तरुण गावात कृषी सेवा केंद्र काढायचं म्हणतो तेव्हा हिशेब साधारण असा मांडतो: आसपासच्या पाच गावांत इतके शेतकरी, प्रत्येकाची इतकी जमीन, एकरी इतका खत-बियाण्याचा खर्च, त्यातले निम्मे जरी आपल्याकडे आले तरी इतका नफा. या हिशेबातली बेरीज-वजाबाकी चुकत नाही. चुकतात ती गृहीतकं, आणि ती कुठेच लिहिलेली नसल्यामुळे दुकान उघडून दोन हंगाम गेल्यावरच कळतात. तोवर घरचे पैसे शेतकऱ्यांच्या वहीत अडकलेले असतात.

ही गृहीतकं आधीच कागदावर उघडी पाडण्यासाठी एक साधं साधन आहे, बिझनेस मॉडेल कॅनव्हास. स्वित्झर्लंडमधील अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर आणि त्यांचे प्राध्यापक ईव्ह पिन्यूर यांनी ते घडवलं आणि २०१० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ते जगभर पोचलं. एका मोठ्या कागदावर नऊ चौकोन असतात. ग्राहक कोण, त्यांना आपण काय देणार, ते त्यांच्यापर्यंत कसं पोचवणार, त्यांच्याशी नातं कसलं, पैसा कुठून येणार, आपल्याकडे काय हवं, रोज काय करावं लागेल, साथीला कोण आणि खर्च कशावर. प्रत्येक चौकोनात चिठ्ठ्या चिकटवायच्या. बहुतेक जण इथेच थांबतात आणि भरलेला कागद भिंतीवर लावतात. खरं काम त्यानंतरचं आहे. प्रत्येक चिठ्ठीला ‘हे मला माहीत आहे की मी धरून चाललोय?’ असं विचारायचं, आणि जी चिठ्ठी खोटी निघाली तर सगळं कोसळेल तिची परीक्षा सर्वांत आधी घ्यायची.

एक उदाहरण घेऊ. समजा, लातूर जिल्ह्यातल्या सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यात एक कृषी पदवीधर दुकान काढतो आहे. हाताशी आठ लाख रुपये आहेत. कॅनव्हासवर तो लिहितो: १५० शेतकरी, प्रत्येकाची खरिपातली खरेदी वीस हजारांची, एकूण विक्री तीस लाख. ‘काय देणार’ या चौकोनात: खात्रीचा माल आणि पदवीधराचा सल्ला.

तीस लाखांची फोड करू. बारा लाखांचं खत, आठ लाखांचं बियाणं, दहा लाखांची औषधं आणि टॉनिकं. खतात सुटतं फार थोडं. युरियावर विक्रेत्याचं कमिशन सरकारने ठरवलेलं आहे, टनामागे ३५४ रुपये. म्हणजे ४५ किलोच्या गोणीमागे सोळा रुपयांच्या आसपास, आणि त्यातूनच हमाली जाते. खतामुळे गिऱ्हाईक दुकानात येतं, कमाई होते ती औषधांवर. त्याने खतावर तीन टक्के, बियाण्यावर आठ आणि औषधांवर पंधरा टक्के सुटतील असं धरलं आहे. मिळून अडीच लाख होतात. सहा महिन्यांचं भाडं, एक मदतनीस, वीज आणि वाहतूक यांचे एक लाख वीस हजार वजा करता एक लाख तीस हजार उरतात. कागदावर दुकान चालतं.

आता ‘पैसा कुठून येणार’ या चौकोनाकडे पुन्हा पाहू. तिथे ‘विक्रीतून’ एवढंच लिहिलं आहे. पैसा केव्हा येणार, हे लिहिलेलं नाही. या भागात जूनमध्ये नेलेल्या मालाचे पैसे सोयाबीन विकल्यावर दिवाळीच्या सुमारास मिळतात, काहींचे तूर निघाल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत. विक्रीतला साठ टक्के माल उधारीवर गेला असं धरलं तर अठरा लाख रुपये सरासरी सहा महिने बाहेर राहतात. खिशात आठच लाख आहेत, म्हणून उरलेली रक्कम कुठून तरी उचलावी लागणार. वर्षाला बारा टक्क्यांनी अठरा लाखांचा सहा महिन्यांचा भार एक लाख आठ हजार होतो. त्यात उधारीतले पाच टक्के बुडाले तर आणखी नव्वद हजार. दोन्ही मिळून एक लाख अठ्ठ्याण्णव हजार, आणि हाती होते एक लाख तीस हजार. ठरल्याप्रमाणे १५० गिऱ्हाइकं आली, ठरल्याप्रमाणे विक्री झाली, तरी दुकान अडुसष्ट हजारांनी खाली. वर गिऱ्हाइकं वाढली तर खड्डा आणखी खोल होतो.

उधारीचा भाव वेगळा लावून काही भरपाई होते, आणि बरेच दुकानदार ती करतातही. पण अनुदानित खत छापील किमतीच्या वर विकता येत नाही. शिवाय जादा भाव निमूटपणे कबूल करणाऱ्यांत पैसे द्यायची घाई नसलेलेही असतात.

म्हणून या दुकानाचं सर्वांत धोक्याचं गृहीतक ‘शेतकऱ्याला सल्ला हवा आहे’ हे नाही. ते आहे, ‘पुरेसे शेतकरी रोखीने घेतील.’ त्याची परीक्षा दुकान काढण्याआधी, थोड्या खर्चात घेता येते.

पहिली पायरी विचारपूस. ‘मी दुकान काढलं तर रोखीने घ्याल का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. गावातल्या पोराला कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. विचारायचं ते मागच्या हंगामाबद्दल. तणनाशक कुठून आणलं? बिल आहे का? पैसे कधी दिले? पाऊस उघडला त्या वर्षी दुकानदाराने थांबून घेतलं का? लहान, मध्यम आणि मोठ्या जमिनीच्या पंचवीस-तीस शेतकऱ्यांशी त्यांच्या ओट्यावर बसून असं बोललं की चित्र दिसू लागतं. मराठवाड्यात एक गोष्ट हमखास पुढे येते: बऱ्याच ठिकाणी खत-औषधाचं दुकान आणि मोंढ्यातली अडत एकाच घरात असते. जूनमध्ये माल उधार द्यायचा, ऑक्टोबरमध्ये त्याच शेतकऱ्याचं सोयाबीन आपल्याच काट्यावर घ्यायचं आणि पट्टीतून रक्कम कापायची. त्या दुकानदाराची वसुली अशी पिकातूनच होते. नव्या पदवीधराकडे काटा नाही, म्हणून त्याची तीच उधारी कितीतरी जोखमीची ठरते. त्याला वाटत होतं की आपली स्पर्धा शेजारच्या दुकानाशी आहे, प्रत्यक्षात ती या पूर्ण व्यवहाराशी आहे. कॅनव्हासमध्ये प्रतिस्पर्ध्यासाठी चौकोनच नाही, ही त्याची मोठी उणीव. ती विचारपुशीनेच भरून काढावी लागते.

दुसरी पायरी पैशाची. परवान्याशिवाय बियाणं, खत किंवा कीटकनाशक विकणं गुन्हा आहे, त्यामुळे ‘थोडा माल आणून विकून पाहू’ ही चाचणी इथे चालत नाही. पण शेतकऱ्यांचा गट करून तालुक्याच्या परवानाधारक दुकानातून रोखीने एकत्र खरेदी करता येते, बिलं ज्याच्या त्याच्या नावाने. आपल्याला त्यातून काही मिळवायचं नाही, फक्त पाहायचं आहे की ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे कोण आणून देतं. पास-नापासाची रेघ आधी आखायची आणि लिहून ठेवायची. तोंडाने हो म्हटलेल्या तिसांपैकी बारा जणांनी पैसे दिले तर गृहीतक टिकलं, कमी आले तर पडलं. आधी लिहिलं नाही की मन सात आकड्यालाही ‘सुरुवात म्हणून बरंच आहे’ म्हणतं.

समजा सातच आले. मग चाचणी वाया गेली का? ते सात कोण, हे पाहायचं. त्यांतले पाच जण दूध घालणारे किंवा भाजीपाला करणारे निघाले तर ती मोठी माहिती आहे. ज्याच्या घरी पंधरवड्याला दुधाचं बिल येतं किंवा आठवडी बाजारातून पैसा येतो, तो रोखीने घेऊ शकतो. फक्त सोयाबीन-तुरीवर असलेल्याच्या हातात जूनमध्ये पैसाच नसतो, मग दुकानदार कितीही चांगला असो. ग्राहकाच्या चौकोनातली ‘१५० शेतकरी’ ही चिठ्ठी आता काढायची आणि तिथे ‘दुधाचा किंवा भाजीचा पैसा असलेली ६० घरं’ ही लावायची. एक चिठ्ठी बदलली की बाकीचे चौकोनही हलतात. माल बदलतो, खत कमी होऊन पशुखाद्य आणि भाजीपाल्याचं बियाणं वाढतं. भांडवल कमी लागतं, मदतनीस लागत नाही.

तिसरी परीक्षा साथीदारांच्या चौकोनाची. ‘कंपन्या माल उधार देतील आणि उरलेला परत घेतील’ हे नवखे सर्रास धरून चालतात. वितरकाकडे जाऊन चार गोष्टी लेखी मागाव्यात: पैसे द्यायला किती दिवस, परतीची शेवटची तारीख, मुदत संपलेल्या औषधाचं काय, आणि खताबरोबर दुसरं काही घ्यावं लागेल का. शेवटचा प्रश्न लिंकिंगचा. मागणी असलेलं खत हवं तर न खपणारी विद्राव्य खतं किंवा टॉनिकंही उचला, ही सक्ती नियमबाह्य असली तरी तिच्या तक्रारी दर हंगामात येतात. तो माल गोदामात पडून राहतो आणि त्यात रोकड अडकते. सोयाबीनच्या उरलेल्या बियाण्याचं तर आणखी कठीण, कारण त्याची उगवणशक्ती लवकर घटते आणि पुढच्या वर्षी ते बियाणं म्हणून विकण्याचा भरवसा नसतो. परवान्याचा वेळही याच चौकोनात धरावा. बियाणं, खत आणि कीटकनाशक यांचे परवाने वेगवेगळे, प्रत्येकासाठी कंपनीचं उगम प्रमाणपत्र लागतं आणि नवी कंपनी घेतली की तेही नव्याने जोडावं लागतं.

सल्ल्याच्या चिठ्ठीचं थोडक्यात. लोक सल्ला आनंदाने घेतात आणि माल उधार मिळेल तिथून नेतात. एखादा हंगाम दुसऱ्याच्या दुकानात काम केलं तर हे डोळ्यांनी दिसतं, आणि वहीतली थकबाकीही. माझ्या मते पदवीनंतरचं ते सर्वांत उपयोगी शिक्षण आहे.

कॅनव्हासची दुसरी उणीव म्हणजे त्यात महिने नसतात. शेतीच्या दुकानाचं सगळं मरण-जगणं महिन्यांवर आहे. ऑगस्टमध्ये तीन आठवडे पाऊस उघडला तर फवारण्या थांबतात, औषधं पडून राहतात, आणि वसुलीही लांबते. म्हणून कॅनव्हासच्या खाली मे ते फेब्रुवारी असा दहा महिन्यांचा रोकडीचा तक्ता जोडावा आणि तो एकदा चांगल्या, एकदा कोरड्या वर्षासाठी भरावा. कोरड्या वर्षाच्या तक्त्यात ज्या महिन्यात रोकड शून्याखाली जाते, तिथे घरातून किती घालावं लागेल हे घरच्यांना दाखवूनच पुढे जावं.

आता त्या साठ घरांच्या दुकानाचा हिशेब. विक्री बारा लाख, सरासरी नऊ टक्क्यांनी एक लाख आठ हजार. खर्च साठ हजार. उधारी वीस टक्क्यांवर रोखली तर व्याज आणि बुडीत मिळून साडेसव्वीस हजारांच्या आत. उरतात सुमारे एकवीस हजार सहाशे, सहा महिन्यांचे. यात घर चालत नाही. पहिल्या वर्षी घरची शेती किंवा नोकरी सांभाळून करण्याचा हा जोडधंदा आहे, आणि रब्बीतल्या भाजीपाल्याने, पशुखाद्याने तो वाढतो का हे पाहूनच पुढचा निर्णय घ्यावा. आठ लाख घालून, वर कर्ज काढून तीस लाखांच्या विक्रीचं दुकान मात्र या आकड्यांवर उघडू नये.

ज्यांना येत्या खरिपासाठी दुकान काढायचं आहे त्यांनी विचारपूस फेब्रुवारीत सुरू करावी. तेव्हा तूर निघालेली असते, मागचे व्यवहार लोकांच्या ध्यानात ताजे असतात, आणि उत्तर ‘नाही’ असं आलं तरी आगाऊ दिलेलं भाडं वाया जात नाही.