चार लाखांची वाटणी

समजा, साताऱ्यातल्या दोघी बहिणी मसाल्यांचा व्यवसाय सुरू करत आहेत. सहा मसाले, आणि पहिल्या वर्षी ब्रँडसाठी चार लाख रुपये. अशा वेळी बहुतेकांचा पहिला फोन वेबसाइट करणाऱ्याला जातो. मी मात्र आधी हे पाहीन, की कोणती चूक निस्तरायला सर्वांत जास्त पैसे लागतील.

ती चूक नावाची. छापील पाऊच ग्रॅव्ह्युअर पद्धतीने करून घेतले, तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर घडवावा लागतो. नाव बदललं की निदान ज्या रंगांत ते छापलंय ते सिलिंडर नव्याने करायचे, आणि छापून आलेले पाऊच रद्दीत. म्हणून नावासाठी 40 हजार ठेवावेत. ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे. उरलेले पैसे आधीच्या नोंदी नीट तपासणाऱ्या वकिलाचे. मसाले वर्ग 30 मध्ये येतात, लोणचं वर्ग 29 मध्ये. पुढे लोणचं विकायचं असेल, तर दोन्ही वर्ग तपासून घ्यावेत. ‘शुद्ध मसाले’ असं नुसतं वर्णन करणारं नाव नोंदणीत अडकतं. तपासणी होईपर्यंत साधा पाऊच आणि वर चिकटवायचं लेबल, एवढ्यावर भागवावं.

लोगो, रंग, अक्षरं आणि लेबलची मांडणी यांना एक लाख दहा हजार. इथे किमतीपेक्षा करारावर माझा जास्त भर आहे. बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या लोगोचा कॉपीराइट नुसते पैसे दिल्याने आपला होत नाही. तो लेखी हस्तांतरित करून घ्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो. तेव्हा ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी’ हे शब्द घालून घ्यावेत आणि मूळ फाइलही ताब्यात घ्यावी. लोगो एका रंगात, छोट्या पुडीवर छापून वाचता येतो का, हे पैसे चुकते करण्याआधी पाहावं.

फोटोंना एक लाख, पण एकदम नाही. अंतिम लेबल हातात येण्याआधी पाकिटांचे फोटो काढले, तर लेबलवरचा शब्द बदलताच ते बाद होतात. पहिल्या दिवशी पांढऱ्या पार्श्वभूमीवर सहा पाकिटं आणि तयार पदार्थांची मोजकी ताटं, यात साठ हजार जावेत.

वेबसाइटला सत्तर हजार पुरतात. दुकानाची तयार व्यवस्था महिन्याच्या भाड्याने मिळते, आणि तिच्यावर पुढे कधीही बदल करता येतो. फोटो हलके करून चढवावेत, नाहीतर मोबाइलवर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं.

उरलेल्या ऐंशी हजारांना सहा महिने हात लावू नये. तोवर कांदा-लसूण मसाला खपतोय की गोडा, हे कळलेलं असेल. फोटोंचे राखलेले चाळीस हजार मग त्याच मसाल्यावर लावता येतील.